दाढीतला कोंडा की नायटा?

मंचरच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याचा 24 वर्षांचा मुलगा. दाढी राखायला लागून वर्ष झाले होते. हनुवटीखाली खाज सुटू लागली, काळ्या शर्टावर पांढरा चुरा दिसू लागला. आजीने लिंबू लावायला सांगितले. त्याने आग तेवढी झाली. औषधाच्या दुकानातून मिळालेल्या मलमाने मात्र चारच दिवसांत लाली उतरली. ते बंद करताच डाग दुप्पट मोठा होऊन परतला आणि त्यातले केस झडू लागले. लग्नासाठी स्थळे येत असल्याने घरात चिंता पसरली.

दाढीतला कोंडा हा डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊ. कातडीवर नेहमीच राहणारी एक यीस्ट तेलकटपणावर पोसते आणि त्यामुळे कातडी चिडते. तो बहुधा दोन्ही बाजूंना असतो, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही दिसतो. पापुद्रे तेलकट, पिवळसर असतात आणि केस सहसा टिकून राहतात. 2 टक्के किटोकोनॅझोलचा शांपू दाढीत पाच मिनिटे ठेवून धुणे, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, एवढ्याने तो बहुधा आटोक्यात येतो.

नायटा, ज्याला कोणी गजकर्णही म्हणतात, तो बहुतेकदा एका बाजूला सुरू होतो. त्याची कड उंच व खवलेदार असते आणि तो बाहेर पसरत जातो. बुरशी केसाच्या मुळात शिरली की केस हलक्या ओढीनेही निघतो. कधी सूज व पूही येतो. नुसते टक्कल पडून कातडी गुळगुळीत राहिली, पापुद्रा नाही, तर ती चाई. तिचा बुरशीशी संबंध नाही. आणि विशीत गालावर दाढी विरळ असणे हा तर आजारही नव्हे, ती पुढेही भरत जाते.

त्या मलमात स्टेरॉइड होते. ते लाली व खाज दाबते, परंतु बुरशीला आतून वाढू देते आणि तिची कडही पुसट करते. त्यामुळे अनुभवी डॉक्टरही पाहताक्षणी फसू शकतो. 2018 साली केंद्राने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती आजही मागितली की मिळतात!

त्वचारोगतज्ज्ञांनी डागाच्या कडेचा पापुद्रा व दोन केस घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीचे धागे दिसले. मग त्यांनी विचारले, "घरी जनावरे आहेत का?" घरी नव्हती, पण मुलगा दर रविवारी गोशाळेत सेवेला जाई आणि तिथल्या एका वासराच्या मानेवर राखाडी खपल्या होत्या. वासरांचा नायटा माणसाला लागतो.

मुळातल्या बुरशीपर्यंत मलम पोहोचत नाही, म्हणून गोळ्या सहा आठवडे चालल्या. टॉवेल व वस्तरा वेगळा झाला, वासरावरही उपचार झाले. दाढी परतली. जिथे पू झाला होता तिथे मात्र नखाएवढी जागा अजून मोकळी आहे.