परिपाठातलं तीन मिनिटांचं भाषण



माझा नातू सातवीत आहे. मागच्या महिन्यात त्याला शाळेच्या परिपाठात बोलायचं होतं. विषय होता, मोबाइल गेम, गृहपाठ आणि झोप यांचा मेळ. तीन मिनिटं वेळ. त्याने नेटवरून 'मोबाइल शाप की वरदान' असं काहीतरी उतरवून आणलं होतं. मी म्हटलं, "अरे, हे तर तुझ्या बाबांनीही शाळेत टीव्हीवर म्हणून दाखवलं होतं. फक्त शब्द बदललाय. तू तुझा हिशेब सांग ना."

मी बी.कॉम. झालेली, म्हणून वही काढली. दिवसाचे तास २४. शाळा आणि बस साडेसहा तास, क्लास दोन, गृहपाठ दीड, आंघोळ-जेवणखाण अडीच. राहिली झोप. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन' या संस्थेने २०१६ साली सांगितलं की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी. आम्ही कमीत कमी, म्हणजे नऊ धरली. बेरीज साडेएकवीस. शिल्लक अडीच तास. त्यातला एक तास मैदानावरच्या खेळाचा, तो मी सोडू दिला नाही. उरला दीड तास.

"गेम किती खेळतोस?" तर म्हणाला, "एक तास." फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडलं, तिथे निघाले दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे दीड तासाच्या शिलकीवर एक तास दहा मिनिटांचा जादा खर्च. तो आला कुठून? वीस मिनिटं गृहपाठातून आणि पन्नास मिनिटं झोपेतून. सहा रात्रींचे पाच तास झाले. मग रविवारी साडेनऊपर्यंत पांघरुणातून बाहेर येत नाही त्यात नवल काय? ती उधारीची वसुली असते. शिवाय रविवारी उशिरा उठलं की रात्री झोप उशिरा येते, आणि सोमवारी सकाळी पुन्हा रडगाणं. तुमच्या घरी मूल सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा दोन-तीन तास जास्त झोपत असेल तर हाच हिशेब मांडून बघा.

आता भांडण कुठे होतं ते बघा. सूनबाई आठ वाजता "बंद कर" म्हणते आणि तो ओरडतो, "पाच मिनिटं!" मला हा हट्ट वाटायचा. त्याने समजावलं, की शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकलं तर एक डाव पंचवीस-तीस मिनिटं चालतो. मध्येच सोडला तर बरोबरचे तिघे मित्र अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलतात. म्हणजे आपण घड्याळाने बंद करायला सांगतो आणि खेळ मात्र डावाने संपतो. म्हणून आम्ही नियम उलटा केला. कधी संपवायचं हे सांगायचं नाही, कधीनंतर सुरू करायचं नाही ते ठरवायचं. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात, सातपर्यंत गृहपाठही संपतो. सात ते आठ खेळ, साडेसातनंतर नवा डाव नाही. आठला फोन बाहेरच्या खोलीत. झोप नऊला. मधला तास मुद्दाम ठेवला आहे, कारण डाव संपला तरी डोकं तापलेलंच असतं, आणि डोळ्यांजवळच्या उजेडाने झोप पुढे ढकलली जाते.

त्याने भाषणात आणखी एक गोष्ट लिहिली होती. पांघरुणात फोन घेऊन रात्री साडेदहापर्यंत खेळताना तो पकडला गेला होता. सूनबाई म्हणाली, "आई, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला?" तिचं चुकत नव्हतं. मुलं चिडवतील ही भीती मलाही होती. पण ते वाक्य काढलं असतं तर उरला असता कोरडा उपदेश, आणि तो ऐकताना मुलं मागे चुळबुळ करतात. शेवटी निर्णय त्याच्यावर सोडला. त्याने ते वाक्य ठेवलं. घरी आल्यावर म्हणाला, "आजी, कोणी हसलं नाही. दोघांनी विचारलं, साडेसातचा नियम नक्की कसा असतो?"

माझं मत एवढंच, की शाळांनी मुलांकडून असे विषय बोलून घ्यावेत, पण तयार भाषणं नकोत. मुलाने स्वतःचा एक आठवडा मांडावा, आकड्यांसकट. आकडा त्याने स्वतः काढलेला असला की त्यावर वाद घालता येत नाही.

आणि हो, वही मिटताना त्याने विचारलं, "आजी, तुझा फोन रात्री कुठे असतो?" माझा उशाशी असतो, गजरासाठी. दुसऱ्याच दिवशी गजराचं घड्याळ आणलं. आता आठ वाजता बाहेरच्या खोलीत चार फोन ओळीने चार्जिंगला असतात.