युरियाच्या गोणीबरोबर येणारे दुसरे बिल

प्रति,
अध्यक्ष, भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

खरिपाच्या तोंडावर युरियाचा रेक लागतो आणि होलसेलरचा फोन येतो. दोनशे गोण्या हव्या असतील तर सोबत विद्राव्य खत, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटे आणि नॅनो खताच्या बाटल्याही उचला. नको म्हटले की गाडी पुढच्या गावाला जाते. होलसेलरला विचारले तर तो कंपनीकडे बोट दाखवतो, कारण त्यालाही माल याच अटीवर मिळालेला असतो. आम्ही कृषी सेवा केंद्रवाले याला लिंकिंग म्हणतो. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर लिहिलेला आहे: एक माल देताना दुसरा घेण्याची अट.

याच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे कृषी खात्याकडे केल्या. तपासणीला माणसे आली ती आमच्या दुकानात, आणि परवान्यावर टाच आली ती आमच्याच. अट घालणाऱ्या कंपनीच्या गोदामापर्यंत कोणी गेले नाही.

एका गाडीचा हिशेब मांडतो. ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. दोनशे गोण्यांचे ५३,३०० रुपये झाले. त्यासोबत वीस हजारांचा माल गळ्यात मारला आणि त्यातला निम्मा फळीवर मुदत संपेपर्यंत पडून राहिला, तर दहा हजार बुडाले. म्हणजे गोणीमागे ५० रुपये. हा भार दुकानदार सोसेल किंवा शेतकऱ्याला बाटली घ्यायला लावेल. तिसरी वाट नाही. दुसरी वाट धरली की शेतकऱ्याच्या खिशातून गोणीमागे ३१६ रुपये ५० पैसे जातात आणि पॉस मशीनच्या पावतीवर मात्र २६६.५० च दिसतात. सरकारने बांधून दिलेला भाव असा कागदावर शाबूत राहतो.

तुम्ही पुरावा मागाल. अट लेखी नसते, हे खरे. पण तुमच्याच कायद्यात कराराची व्याख्या तोंडी समजुतीलाही लागू आहे. शिवाय दुसरा माल वेगळ्या बिलावर, कधी एक-दोन दिवस पुढेमागे दाखवला तरी खूण पुसत नाही. एका होलसेलरची हंगामाभराची ई-इनव्हॉइस मागवा आणि युरियाच्या बिलांशेजारी ठेवा. ज्या आठवड्यात युरिया आला त्याच आठवड्यात, त्याच दुकानांना, जवळपास त्याच प्रमाणात बाटल्या गेलेल्या दिसतील. मग ऑक्टोबरमध्ये त्या दुकानांचे साठा रजिस्टर उघडा. ज्या मालाला खरी मागणी असते तो युरियाची गाडी नसतानाही विकला जातो आणि फळीवर मुदतबाह्य होत नाही.

कंपन्या म्हणतील, देशाच्या बाजारात आमचा वाटा लहान आहे, स्पर्धेला धक्का कसा लागेल? पण पेरणीनंतरच्या पंधरवड्यात आमच्या तालुक्यासाठी देश हा बाजार नसतो. त्या दिवसांत जवळच्या स्टेशनावर ज्या कंपनीचा रेक लागला, तीच आमची बाजारपेठ. पीक पिवळे पडत असताना शेतकरी दुसऱ्या रेकची वाट पाहत नाही. त्या काळात चांगले सूक्ष्म अन्नद्रव्य बनवणाऱ्या लहान उत्पादकाला आमच्या फळीवर जागाच उरत नाही, कारण आमचे भांडवल लिंकिंगच्या मालात अडकलेले असते. बाजार बंद होणे म्हणजे आणखी काय असते?

हा खत नियंत्रण आदेशाचा विषय आहे, असे सांगून आम्हाला परत पाठवू नका. तो आदेश शेवटच्या विक्रेत्याला सहज पकडतो. कंपनी आणि विक्रेता यांच्यातल्या कराराचा स्पर्धेवर काय परिणाम होतो, हे तपासायला संसदेने तुम्हाला नेमले आहे. २०२३ च्या दुरुस्तीने अंतिम ग्राहकाशी झालेले करार कलम ३(४) मधून बाहेर काढले. म्हणजे या कलमाखाली दुकानदार-शेतकरी व्यवहार तुमच्याकडे येत नाही, पण कंपनी-विक्रेता व्यवहार येतोच.

आणि तुम्हाला हे जमत नाही असेही नाही. महाराष्ट्रातल्या मारुती सुझुकीच्या मोटारविक्रेत्यांना ठरवून दिल्यापेक्षा जास्त सूट देऊ दिली जात नाही, अशी एक निनावी ईमेल २०१७ मध्ये तुमच्याकडे आली. त्यावरून तुम्ही स्वतःहून चौकशी लावली. कंपनीने खोटे ग्राहक पाठवून विक्रेत्यांवर पाळत ठेवल्याचे आणि सूट देणाऱ्यांना दंड लावल्याचे तिच्याच ईमेलमधून काढलेत, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केलात. कंपनी अपिलात गेली, तो तिचा हक्क. मोटारीवरची सूट अडवली म्हणून जो आयोग एवढा खोल गेला, त्याला युरियासाठी उन्हात रांगेत उभा असलेला शेतकरी का दिसत नाही?

महासंचालकांना कलम २६(१) खाली चौकशीचा आदेश द्या. एक जिल्हा निवडा, त्यातल्या सगळ्या होलसेलरांची जून ते ऑगस्टची बिले मागवा आणि आम्हा दुकानदारांचे जबाब नावे गुप्त ठेवून घ्या. हे पत्र मी नाव न घालता लिहितो आहे, कारण नाव छापले तर पुढची गाडी माझ्या दुकानासमोर थांबणार नाही.

एक कृषी सेवा केंद्रचालक, मराठवाडा