टायर झिजत नाही, झिजवला जातो

टायर लवकर गेला की आपण व्यापारी आधी कंपनीला नाव ठेवतो, मग रस्त्याला आणि शेवटी ड्रायव्हरला. मीही तेच केले. एवढेच नव्हे, ड्रायव्हरच्या पगारातून पैसेही कापले. ते मला परत का करावे लागले, हे लिहिण्यासाठीच आज हातात कलम घेतली आहे.

मालेगावहून कापडाच्या गठाणी नाशिक-धुळ्याला पोचवायला माझ्याकडे एक छोटा टेम्पो आहे. पुढचे दोन टायर नवे घातले, ते बावीस हजार किलोमीटरवर संपले. त्यातही डावा आधी गेला. मधली नक्षी शाबूत, बाहेरचा खांदा मात्र गोट्यासारखा गुळगुळीत. वर बाजूला लिंबाएवढा फुगा.

टायरवाले उस्ताद बुजुर्ग माणूस. त्यांनी टायर उतरवून आतून दाखवला आणि म्हणाले, "सेठ, तुम्ही कापडवाले, हे तर तुम्हाला कळायला हवे." खरेच होते. टायरच्या पोटात कापडच असते. त्यात सगळा जोर ताण्याच्या दोऱ्यांवर असतो. बाणा नावापुरता विरळ, ताणा जागेवर राहावा म्हणून घातलेला. आजच्या रेडियल टायरमध्ये हे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. नक्षीखाली तारांचे पट्टे असतात, पण बाजूच्या भिंतीत दोऱ्यांचा जेमतेम एखाद-दुसरा थर. गाडी फुटपाथच्या कडेवर तिरकी चढली की ही भिंत दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. बाहेरचे रबर मात्र तसेच राहते, म्हणून त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढे हवेच्या दाबाने नेमकी तीच कमकुवत जागा फुगते. त्या फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. तो टायर काढूनच टाकावा लागतो, नाहीतर गठाणींच्या वजनाखाली कधीही फुटेल.

आता फुटपाथवर गाडी चढवत कोण होते? ड्रायव्हरच. पण हुकूम माझा होता. गल्ली अरुंद, मागच्यांचे हॉर्न, म्हणून मीच दारातून ओरडायचो, "चढव वर, लाव दुकानाला." दिवसातून तीन वेळा. कड घासत चढल्याने चाकांची दिशाही बिघडते. मग चाक सरळ न लोळता थोडे तिरके फरफटत जाते. गाडी उभी करून नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट गेली असे समजा. त्या आधी नवा टायर घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

खांदा गेला तो मात्र वळणांवर. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे सर्कलला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळत राहते आणि सारा भार डाव्या टायरांवर येतो. पुढच्या डाव्याच्या बाहेरच्या खांद्यावर सर्वांत जास्त. वळणावर टायरला जो आडवा जोर सोसावा लागतो, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. जे वळण ताशी 20 ने घ्यायचे ते 30 ने घेतले, तर जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. ब्रेकचेही तेच गणित आहे. 60 वरून थांबताना 40 च्या सव्वादोनपट ताकद जिरवावी लागते. त्यात चाक जाम झाले तर रबराचा एकच तुकडा डांबरावर घासला जातो. एबीएस नसलेल्या टेम्पोत, तोही रिकामा परतताना, मागची चाके लवकर जाम होतात, कारण वर वजनच नसते. मग तिथे चपटा डाग पडतो आणि गाडी चालताना ठक-ठक आवाज येतो.

मात्र प्रत्येक झीज ड्रायव्हरच्या माथी मारू नका. एकाच टायरचे दोन्ही खांदे सारखे गेले असतील तर हवा कमी होती, फक्त मधला भाग गेला असेल तर जास्त होती. हवा भरणे, तीही टायर थंड असताना, हे मालकाने पाहायचे काम आहे.

अलाइनमेंट करून घेतली, पुन्हा तशीच जोडी घातली. टेम्पो आता गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो आणि गठाणी हातगाडीवर दुकानात येतात. हमालाचे चार पैसे जास्त जातात, हे कबूल. "लवकर ये" हा माझा फोनही बंद झाला. ही जोडी छत्तीस हजार किलोमीटर चालली. सहा हजारांची जोडी, म्हणजे आधी किलोमीटरला सत्तावीस पैसे पडत होते, आता सतरा पडले.

ड्रायव्हरचे कापलेले पंधराशे मी ईदच्या आधी त्याच्या हातात ठेवले. तो काही बोलला नाही, पैसे मोजून खिशात घातले आणि गाडी काढताना जागेवरच स्टिअरिंग पिळायला लागला. मी म्हटले, "भाई, आधी थोडी पुढे घे, मग वळव. उभ्या गाडीचे चाक पिळलेस तर पुढचे दोन्ही टायर रस्त्यावर खोडरबरासारखे घासले जातात."