रंगवलेल्या चेहऱ्यांची वकिली

ग्लॅम रॉकचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो. ‘सगळी नाटकं होती हो! गालांना चमकी फासली, डोळ्यांत काजळ घातलं, रेकॉर्डी खपवल्या आणि रात्री घरी जाऊन बायकामुलांत बसले. पुरुषत्वाला आव्हान कसलं त्यात?’ शेरा मारणारे लोक बहुधा संगीताचे जाणकार असतात. त्यामुळे नुसतं हसून सोडून देण्यासारखा हा आक्षेप नाही. आधी तो नीट, पूर्ण ताकदीनिशी मांडू आणि मग त्याचा समाचार घेऊ.

पूर्वपक्षाच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे डेव्हिड बोवी. २२ जानेवारी १९७२च्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात त्याने मायकेल वॉट्स या पत्रकाराला बिनदिक्कत सांगितलं की, आपण समलिंगी आहोत आणि पहिल्यापासूनच आहोत. तेव्हा घरी त्याची बायको अँजी होती आणि वर्षाचाही न झालेला मुलगा होता. १९७६मध्ये त्याने स्वतःला उभयलिंगी आकर्षणाचा म्हटलं, १९८३मध्ये ते बोलणं ही मोठी चूक होती म्हणून हात झटकले आणि पुढे दहा वर्षांनी तर आपण मुळात स्त्रियांकडेच ओढले जाणारे होतो, असं सांगून टाकलं. म्हणजे गरज होती तोवर पताका मिरवली आणि अमेरिकेतली मोठी मैदानं भरू लागल्यावर ती गुंडाळून ठेवली. समलिंगी चळवळीतल्या कित्येकांना याचा राग आला आणि तो रास्तच होता.

पण या पुराव्यावरून सिद्ध काय होतं? बोवी माणूस म्हणून चंचल होता, एवढंच. त्याने रंगमंचावर जे केलं ते फोल होतं, हे सिद्ध होत नाही. आणि फसवणूक म्हणाल, तर ती लपवली कोणी होती? खुद्द वॉट्सनेच त्या लेखात बोवीच्या सांगण्यातला मिश्कीलपणा वाचकांच्या नजरेला आणून दिला होता. नाटक आहे हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. माझं म्हणणं असं की ग्लॅमचं बळ त्याच्या नाटकी असण्यातच होतं.

त्या वेळचा रॉक डोळ्यांसमोर आणा. साठीचं दशक सरता सरता या संगीतात खरेपणाचं एक सोवळं तयार झालं होतं. दाढी, विटलेली जीन्स, प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवलेली वीस-वीस मिनिटांची गिटार. मी सजत नाही, मी जसा आहे तसाच तुमच्यापुढे उभा आहे, असा त्याचा दावा. आता ती जीन्ससुद्धा कोणीतरी निवडून घातलेली असायची, ती दाढी आरशात पाहूनच राखलेली असायची. पण ते कोणी बोलायचं नाही. पुरुषाने स्वतःला घडवलेलं दिसता कामा नये, तो तसाच उपजलेला वाटला पाहिजे, हा त्या सोवळ्याचा गाभा होता. ग्लॅमने नेमका तिथे हात घातला. बोवीने झिगी स्टारडस्ट नावाचं पात्र उभं केलं ते लपूनछपून नव्हे. केस सुझी फसी या केशकर्तनकार मुलीने कापून लालभडक रंगवले, कपडे फ्रेडी बरेटीने शिवले, अंगविक्षेप लिंडसे केम्पच्या मूकाभिनयाच्या तालमीतून आले आणि १९७३मध्ये जपानी कान्साई यामामोतोच्या पोशाखांबरोबर काबुकीची तऱ्हाही त्यात मिसळली. हे सगळं जोडकाम लोकांना दिसत होतं. आणि एक पुरुष असा तुकड्या-तुकड्यांनी जोडता येतो हे एकदा दिसलं की, शेजारचा दाढीवालाही जोडलेलाच नसेल कशावरून, हा प्रश्न टाळता येत नाही.

याचा कस कुठे लागला ते बघायचं तर ६ जुलै १९७२च्या गुरुवारी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये दाखवलेलं ‘स्टारमॅन’ हे गाणं पाहावं. संध्याकाळचा कार्यक्रम, घरोघरी आईबाप आणि मुलं एकाच खोलीत, आणि देशात चॅनेलं अवघी तीन. बोवीच्या अंगात रंगीबेरंगी चौकटींचा एकसंध पोशाख आणि गळ्यात निळी गिटार आहे. एका ओळीला तो बोट फिरवत थेट कॅमेऱ्याकडे रोखतो. पण खरा प्रसंग धृपदाचा. गिटारवादक मिक रॉन्सन त्याच माइकवर गायला पुढे येतो आणि बोवी सावकाश, आळसटल्यासारखा, त्याच्या खांद्यावरून हात टाकून त्याला जवळ घेतो. बस, एवढंच. कुस्तीच्या आखाड्यात किंवा गोल झाल्यावर फुटबॉलच्या मैदानात यापेक्षा कितीतरी घट्ट मिठ्या पडतात. इथे मात्र त्या हाताला विजयाचं निमित्त नव्हतं, दारूचं नव्हतं, थट्टेचं नव्हतं. निमित्तावाचून एका पुरुषाने दुसऱ्याला लाडाने जवळ घेतलं, तेही नटूनथटून. कित्येक बाप खवळले ते यामुळे.

आणि तो रॉन्सन कोण? हल शहरातला, नगरपालिकेच्या बागखात्यात माळीकाम करणारा तरुण. १९७०च्या सुरुवातीला बोवीच्या बँडमध्ये चलण्याचा निरोप घेऊन जुना सोबती आला, तेव्हा तो रग्बीच्या मैदानावर रेघा मारत होता असं सांगतात. पुढे झिगीच्या वेळचे चकाकते कपडे पाहून त्याने बॅग भरली आणि थेट स्टेशन गाठलं. त्याची समजूत काढून परत आणायला ड्रमवादक वुडी वुडमन्सीला धाडावं लागलं. हा किस्सा वुडमन्सीनेच पुढे सांगितला आहे. मग मुली भाळू लागल्या आणि हीच यॉर्कशायरची पोरं मेकअपच्या डब्यावरून आपसात भांडू लागली. पूर्वपक्ष इथे टाळी मागेल: ‘बघा, मुलींसाठीच केलं!’ मी म्हणतो, हीच तर गंमत आहे. पुरुषीपणा रक्तातच असता तर एका मोसमात काजळासाठी भांडण्यापर्यंत मजल गेली असती का?

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. ‘बायकी वेशाचं इंग्रजांना कसलं अप्रूप? नाताळच्या पँटोमाइममध्ये लुगडी-पोलकी छाप म्हातारी पुरुषच करतो. डॅनी ला रू झगे घालून घराघरांत लाडका झाला होता. मिक जॅगर १९६९मध्ये हाइड पार्कात पांढरा झगा घालूनच गायला.’ सगळं खरं. इतकंच काय, जॅगरचा तो झगा आणि ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’च्या ब्रिटिश मुखपृष्ठावर बोवी घालून पहुडला आहे तो झगा, दोन्ही मायकेल फिशच्याच दुकानचे. पण पँटोमाइमची म्हातारी हसण्यासाठी असते. ती कुरूपच हवी, तिच्या मिशा दिसल्याच पाहिजेत, म्हणजे प्रेक्षक निर्धास्त. झगा घातलेला जॅगर पुन्हा तोच जॅगर, बायकांवर झेपावणारा. बोवी किंवा मार्क बोलन हसू मागत नव्हते. आपल्याकडे बघा, आपण देखणे आहोत, असं ते म्हणत होते. पुरुषाने स्वतःला पाहण्याची वस्तू करून द्यायचं, हे तोवर बाईकडे सोपवलेलं काम होतं.

मराठी वाचक इथे बालगंधर्वांचं नाव काढणार हे उघड आहे. त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. ती कला वेगळ्याच उंचीची, त्याबद्दल वाद नाही. पण तिचं साध्य उलट होतं. नारायणराव राजहंस पूर्ण विसरायला लावून भामिनी उभी करायची, हे त्यांचं यश. ग्लॅमवाल्यांनी भ्रम मुद्दाम अपुरा ठेवला. छाती सपाट, आवाज पुरुषी, ओठ रंगवलेले. बाई म्हणून पाहावं तर बाई नाही, पुरुष म्हणून पाहावं तर तेही जमत नाही. प्रेक्षकाला बसायला पाटच ठेवला नाही.

आता ग्लॅमचे पुजारी फार खूश होण्याआधी त्यांच्याशीही दोन हात करतो. ग्लॅमने पुरुषत्वाच्या चिंधड्या उडवल्या, असं ते लिहितात तेव्हा स्लेड आणि स्वीट यांच्याकडे काणाडोळा करतात. स्लेडचा डेव्ह हिल अंगभर चमचमायचा, पण त्याच्या तीनच वर्षं आधी याच बँडला मॅनेजरने डोकी भादरून स्किनहेड करून आणलं होतं. वेश बदलला, दांडगाई तीच राहिली. तिथे चमकी ही जत्रेतली चमकी होती आणि तिने कोणाची झोप उडाली नाही. गॅरी ग्लिटर तर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल पुढे तुरुंगात गेला. पापण्या चकाकल्या म्हणून सत्तेचा माज उतरतो असं नाही. आणि या पुरुषी जत्रेत बाई किती? बास गिटार घेऊन उभी राहिलेली सुझी क्वाट्रो, तीही चामड्याच्या पोशाखात. बायकी व्हायची मुभा पुरुषांनी आपापल्यांतच वाटून घेतली.

पुजाऱ्यांना सगळ्यात अडचणीचं नाव आहे जोब्रायथ. अमेरिकेतला हा गायक-पियानिस्ट खरोखर समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. इलेक्ट्रा कंपनीने १९७३मध्ये त्याची रेकॉर्ड काढली, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याचं अवाढव्य चित्र झळकवलं. रेकॉर्ड पडली, दुसरीही पडली, १९८३मध्ये एड्सने तो गेला. अति जाहिरातबाजीने लोक विटले होते हे कारण आहेच. तरीही बोवीचं नाटक चालतं आणि जोब्रायथचं खरं बोलणं पचत नाही, यातून बाजाराची मर्यादा स्पष्ट दिसते.

मात्र यावरून ‘खोटं ते टाकाऊ’ असं अनुमान काढणाऱ्यांना त्या काळच्या कायद्याची आठवण करून द्यावी लागेल. इंग्लंड-वेल्समध्ये १९६७पासून एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांचा संबंध, तोही चार भिंतींआड, गुन्हा राहिला नव्हता. स्कॉटलंडमध्ये तो १९८०पर्यंत गुन्हाच होता. लंडनची पहिली प्राइड मिरवणूक १ जुलै १९७२ची, म्हणजे ‘स्टारमॅन’च्या पाच दिवस आधीची. त्या मिरवणुकीत चालायला छाती लागत होती. पंधरा वर्षांच्या मुलाने काय करायचं? ‘मी समलिंगी आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ‘मला बोवी आवडतो’ हे निघू शकत होतं. १९७३मध्ये लुइशमच्या ओडियनमध्ये झिगी पाहायला गेलेला बॉय जॉर्ज तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. विचारलंच कोणी तर सांगायला उत्तर तयार होतं: फॅशन आहे, नाटक आहे. ज्या खोटेपणावर पूर्वपक्ष बोट ठेवतो त्याच्याच आडोशाला ही मुलं उभी राहिली.

हा आडोसा फक्त प्रेक्षकांच्याच कामी आला असंही नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा १९७४पर्यंत क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला होता, नखं काळी रंगवत होता आणि झँड्रा ऱ्होड्सने शिवलेला चुण्याचुण्यांचा पांढरा अंगरखा पंखांसारखा पसरत होता. त्या वर्षी एका संगीत-साप्ताहिकाने त्याला त्याच्या लैंगिक कलाबद्दल छेडलं, तेव्हा त्याने एका फुलाची उपमा देत, लाडिक हसत होकार भरला. तो होकार खरा होता. पण ग्लॅमच्या त्या हवेत तो खरा की नाटकी हे कोणाला ठरवता आलं नाही, आणि क्वीनच्या रेकॉर्डी खपत राहिल्या.