भजीचा मोह आदल्या रात्रीपासून

इफ्तारला खजूर तोंडात टाकला की अनेकांचा हात थेट भजी, जिलेबी आणि गोड शरबताकडे वळतो. दोष जिभेला दिला जातो. पण हा मोह बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेतून आलेला असतो.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा लोणी काळभोरमधला एखादा रोजेदार तरुण डोळ्यांसमोर आणावा. तरावीहची नमाज पावणेदहाला संपते. मग चहा, गप्पा आणि अंथरुणात मोबाइल, यात साडेबारा वाजतात. सहेरीच्या जेवणासाठी साडेचारला उठायचे. झोप झाली जेमतेम चार तास. दुपारी साडेतीनला तो आडवा होतो आणि साडेपाचला जड डोक्याने उठतो. त्या रात्री झोप आणखी उशिरा येते.

अशा रात्रींचे शरीरावर काय होते, हे शिकागो विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात दिसले. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट व पिठूळ पदार्थांची. अभ्यास छोटा होता आणि ते तरुण उपाशी नव्हते, म्हणून हे आकडे रोज्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण ओढ कुठल्या दिशेला जाते, ते त्यातून कळते.

धावण्यावरही परिणाम होतो. एखादी छोटी, जोरकस धाव कमी झोपेतही जमून जाते. लांब अंतर मात्र नेहमीच्याच वेगाला जास्त दमवते. तरुणाला वाटते, रोज्याने ताकद गेली. म्हणून तो इफ्तारला आणखी गोड खातो.

उपाय वेळापत्रकात आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून साडेदहाला झोपले, तर साडेचारपर्यंत सहा तास मिळतात. पडद्याच्या उजेडाने झोप लांबते, पण त्याहून मोठे नुकसान ‘अजून एक व्हिडिओ’ म्हणत गेलेल्या दोन तासांचे असते. जोहरच्या नमाजेनंतर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरे. दुपारच्या या विश्रांतीला कैलूला म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. उठल्यावर अर्धा तास डोके जड राहिले, तर डुलकी लांबली. रात्री बराच वेळ डोळा लागला नाही, तर ती उशिरा घेतली, असे समजावे.

रात्रपाळीच्या कामगाराला आणि सोलापूर महामार्गावरच्या चालकाला हे वेळापत्रक जमणार नाही. त्यांनी झोप दिवसा, पण रोज एकाच वेळी घ्यावी आणि त्या आठवड्यात जोराचा सराव टाळावा. घरच्यांनीही इफ्तारच्या ताटावरून बोलण्याआधी त्यांच्या झोपेच्या वेळेत खोलीतला टीव्ही बंद ठेवावा.