अनुदान किती? आधी खाटा मोजा

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि 10 बालके दगावली. तेव्हापासून या जिल्ह्यात नव्या रुग्णालयाचा विषय निघाला की इमारत, यंत्रे आणि पैसा कोण आणणार, हा प्रश्न पाठोपाठ येतो. सार्वजनिक-खासगी भागीदारी हे त्याचे एक उत्तर सांगितले जाते. त्यात सरकार जे अनुदान देते त्याला व्यवहार्यता तूट निधी म्हणतात. तो किती असावा, हा हिशेब जिल्ह्यातल्या लोकांनाही समजायला हवा.

समजा, 100 खाटांचे रुग्णालय उभारायला 100 कोटी लागतात आणि सर्व खर्च भागवून वर्षाला 9 कोटी हाती राहतात, असे 20 वर्षे चालते. वरवर पाहता 180 कोटी येतात, मग तूट कसली? पण वीस वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. खासगी भागीदाराला वर्षाला 12 टक्के परतावा हवा असेल, तर त्या दराने वर्षाला 9 कोटींचे आजचे मूल्य साधारण 67 कोटी भरते. 100 कोटी घालायचे आणि 67 कोटींचे मूल्य मिळवायचे, म्हणजे 33 कोटींची तूट. हे 33 कोटी सरकारने सुरुवातीलाच दिले, की भागीदाराचे निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते.

‘शून्य’ या शब्दाने गैरसमज होतो. शून्य म्हणजे नफा नाही असे नव्हे. भागीदाराला त्याचे 12 टक्के मिळतात, त्याहून जास्त काही मिळत नाही. म्हणून यापेक्षा मोठे अनुदान ही भेट ठरते आणि लहान असेल तर निविदाच येत नाही.

हा आकडा वाटतो तेवढा पक्का नसतो. परताव्याचा दर 12 ऐवजी 15 टक्के धरला, तर तूट 33 वरून जवळपास 44 कोटींवर जाते. अनुदान आजऐवजी दोन वर्षांनी मिळणार असेल, तर तोच परिणाम साधायला 41 कोटी लागतात. केंद्राच्या योजनेत भागीदाराने आधी स्वतःचे भांडवल खर्च केल्यावरच पैसे सुटतात, त्यामुळे हा फरक कागदावरचा नाही.

उत्पन्नाचा अंदाज तर याहून नाजूक. वर्षाला एक कोटीचा फरक पडला की अनुदान साडेसात कोटींनी हलते. रोज 70 खाटा भरलेल्या धरल्या, तर एक कोटी म्हणजे प्रत्येक भरलेल्या खाटेमागे दिवसाला सुमारे 390 रुपये. भंडाऱ्यापासून नागपूर तासा-दीड तासावर आहे. ज्याला परवडते तो तिकडे जातो. पैसे भरणारे रुग्ण किती येतील, हा अंदाज चुकला की सगळे गणित चुकले.

तूट कमी दाखवायच्या सोप्या वाटाही आहेत. मोफत किंवा सवलतीच्या खाटा कमी केल्या की उत्पन्न वाढते. देखभाल आणि मनुष्यबळात वर्षाला 50 लाख कापले की मागणी पावणेचार कोटींनी उतरते. सर्वात कमी अनुदान मागणाऱ्याला काम मिळते, तिथे हा मोह मोठा असतो. ज्या जिल्ह्याने ती पहाट पाहिली, त्याने तरी अग्निसुरक्षा आणि रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या हिशेबाच्या बाहेर ठेवू नये.

उलट दिशेनेही पाहावे. निम्म्या खाटा सरकारी योजनेच्या दराने ठेवल्या आणि त्यामुळे वर्षाला चारच कोटी उरले, तर तूट 70 कोटी होते. 2020 मध्ये सुधारलेल्या केंद्रीय योजनेत आरोग्य प्रकल्पांना केंद्र आणि राज्य मिळून प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत भांडवली मदत देतात. प्रायोगिक प्रकल्पांसाठी ही मर्यादा 80 टक्क्यांपर्यंत जाते आणि पहिली पाच वर्षे चालवण्याच्या खर्चातही वाटा मिळतो. पण पाच वर्षांनंतर काय, हे करारात लिहिलेले नसेल तर गरिबाची खाट तिथेच बंद पडायला सुरुवात होते.

म्हणून क्रम बदलायला हवा. किती खाटा कोणत्या दराने, किती परिचारिका, सुरक्षेची तपासणी कोण आणि कधी करणार, हे आधी ठरवावे आणि जाहीर करावे. त्या अटी सर्वांना सारख्या ठेवून मगच विचारावे, किती अनुदान लागेल? सल्लागाराच्या तक्त्यातला शून्याचा आकडा हा तुलनेसाठी असावा, निविदांतील मागणी त्याच्याशी ताडून पाहावी. नाहीतर गणित शून्यावर येईल आणि उणे बाकी रुग्णाच्या नावावर पडेल.