मटकीला वेळ द्या, सगळे काम कुकरला जमत नाही

रविवारी सकाळी देवळाली कॅम्प ते नाशिक शहर या पट्ट्यात मिसळीच्या हॉटेलांबाहेर रांगा लागतात. चर्चा मात्र तर्रीचीच होते. पोटाच्या दृष्टीने पाहिले तर मिसळीत सर्वांत शहाणी गोष्ट मोड आलेली मटकी आहे. सध्या मोबाइलवर ‘कडधान्यांत पोषणविरोधी घटक असतात, ती बंद करा’ असे सांगणारे व्हिडिओ फिरत आहेत. त्यांना उत्तर या मटकीतच सापडते. त्या व्हिडिओंतला पहिला भाग खरा आहे, दुसरा चुकीचा.

घटक तीन आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. फायटेट म्हणजे बीने रोपासाठी साठवलेला फॉस्फरस. तो पोटात लोह आणि जस्त यांना धरून ठेवतो, त्यामुळे ती रक्तात कमी शोषली जातात. ट्रिप्सिन रोधक हे प्रथिन आहे. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनचे काम ते अडवते. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना त्रासदायक ठरू शकते.

ट्रिप्सिन रोधक उष्णतेने मोडते, म्हणून कुकर त्याचा चांगला बंदोबस्त करतो. फायटेट मात्र उष्णतेला सहजी दाद देत नाही. त्याला फोडणारे फायटेज हे विकर बीच्या आतच झोपलेले असते. भिजल्यावर ते जागे होते आणि मोड येताना जोमाने काम करते. उकळत्या पाण्यात ते मरते. म्हणून कोरडी मटकी थेट कुकरला लावली, तर फायटेट फोडणारा कामगार कामाला लागण्याआधीच संपतो. ऑक्झलेटचा एक भाग पाण्यात विरघळतो. तो टाकून दिलेल्या पाण्याबरोबर निघून जातो.

घरची कृती यावरूनच ठरते. एक वाटी मटकी निवडून धुवावी आणि तीन-चार वाट्या कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजवावी. दाणा फुगून चावल्यावर आत टणक गाठ लागली नाही, म्हणजे भिजणे पुरे झाले. ते पाणी टाकून मटकी ओल्या फडक्यात बांधावी. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात. नाशिकच्या थंडीत दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा गाठोडे उबदार जागी ठेवावे. मटकी बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला, तर ती टाकून द्यावी. मोड आल्यावर मटकी शिजवायचीच. मोडांनी फायटेट घटते, पण ट्रिप्सिन रोधक पुरते जात नाही. शिवाय ओल्या, उबदार गाठोड्यात जंतूही वाढतात. कच्चे मोड खाण्याची फॅशन म्हणूनच अर्धवट आहे. लवकर शिजावे म्हणून सोडा घालू नये. त्याने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते.

डाळीबाबत एक गैरसमज आहे. गव्हाचे फायटेट मुख्यतः कोंड्यात असते, कडधान्याचे मात्र दाण्याच्या गरात. साल काढल्याने टॅनिन जाते, फायटेट तसेच राहते. त्यामुळे तूरडाळही काही वेळ भिजवून, पाणी बदलून शिजवणे योग्य.

खरी काळजी सोयाबीनची. प्रथिने वाढावीत म्हणून अनेक घरांत कच्चे सोयाबीन गव्हात मिसळून गिरणीत दिले जाते. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक भरपूर असते आणि तव्यावरच्या चपातीला मिळणारी मिनिट-दोन मिनिटांची उष्णता त्याला पुरत नाही. सोयाबीन भिजवून, पाणी टाकून, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, कडक वाळवावे आणि मगच दळावे.

हे सारे कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या घरात लोहाचा आधार डाळ-उसळ-पोळीच आहे, तिथे शोषणातला थोडा फरकही महत्त्वाचा ठरतो. मिसळीवर पिळलेले लिंबू म्हणूनच चवीपुरते नसते. त्यातले ‘क’ जीवनसत्त्व फायटेट असतानाही लोह शोषायला मदत करते. त्याच मिसळीबरोबर घेतलेला चहा उलटे काम करतो. तो तासभराने घ्यावा.

मात्र मोड म्हणजे औषध नव्हे. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. ज्यांना ऑक्झलेटचे खडे वारंवार होतात, त्यांनी सोयाबीनचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकीच्यांनी कडधान्ये सोडण्याचे कारण नाही. कडधान्य सोडलेल्या शाकाहारी घरात प्रथिने कुठून येणार, याचे उत्तर ते व्हिडिओ देत नाहीत. रात्री एक वाटी मटकी भिजत घालणे मात्र कोणत्याही घराला जमते.